गाव सोडताना पोस्टात काय सांगून जावं

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागू लागतात. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. भांडीकुंडी, अंथरुणं, कोयते आणि लहान लेकरं गाडीत चढतात आणि कुटुंब कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट बेळगावकडे निघतं. हंगाम संपून परत यायला मार्च उजाडतो, ऊस जास्त असला तर एप्रिलही. एवढे दिवस गावातल्या घराला कुलूप असतं किंवा मागे म्हातारी माणसं असतात.

नेमक्या याच महिन्यांत त्या घराच्या पत्त्यावर टपाल येत राहतं. बँकेचं एटीएम कार्ड, पॅन कार्ड, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराचं लायसन्स, सोसायटीचं पत्र, वकिलाची नोटीस. त्यातलं बरंचसं गावापर्यंत येऊन, दारापर्यंत पोचून परत जातं. पत्ता बरोबर असतो, पिनकोड बरोबर असतो, पोस्टमनही आलेला असतो. उणीव एकच असते: हे माणूस गेलं कुठे आणि त्याच्या टपालाचं काय करायचं, हे पोस्टाला कुणी लेखी सांगितलेलं नसतं.

दारात काय ठरतं

गावातलं पोस्ट म्हणजे शाखा डाकघर. तिथे शाखा पोस्टमास्तर असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जोडीला टपाल वाटणारा सहायक असतो. दोघंही ग्रामीण डाक सेवक. गावाचं टपाल आधी तालुक्याच्या किंवा जवळच्या मोठ्या गावाच्या उपडाकघरात येतं, तिथून पिशवीतून शाखेत येतं आणि मग घरोघर जातं. साधं पत्र दाराच्या फटीतून आत सरकवता येतं. स्पीड पोस्टला मात्र सही लागते, म्हणून घेणारं माणूस लागतं.

माणूस मिळालं नाही, तर वाटणाऱ्याला त्या पाकिटावर आणि मोबाइल ॲपमध्ये शेरा नोंदवावा लागतो. पाकिटाचं पुढचं सगळं नशीब या शेऱ्यावर ठरतं. घर बंद दिसलं तर `Door Locked` असा शेरा पडतो, सूचना दिली जाते आणि पाकीट साधारणपणे सात दिवस डाकघरात थांबतं. त्या मुदतीत माणूस ओळखपत्र घेऊन आलं तर ते मिळतं, नाहीतर मागवलं नाही असा शेरा पडून पाठवणाऱ्याकडे परत निघतं. ‘पत्तेदार सूचना न देता निघून गेला’ अशा अर्थाचा शेरा पडला, म्हणजे ट्रॅकिंगमध्ये `Addressee left without instructions` दिसू लागलं, तर सात दिवस थांबण्यालाही अर्थ उरत नाही. ज्याचा ठावठिकाणा नाही आणि जो लवकर येणारही नाही, त्याच्यासाठी पाकीट धरून ठेवायचं कशाला, म्हणून ते लवकरच परतीला लागतं.

ऊसतोडीच्या गावांत हा दुसरा शेरा पडणं फार सोपं आहे, कारण घरातली म्हातारी खरं ते सांगते. “ल्योक-सून कारखान्याला गेल्यात, आता शिमग्यालाच येतील.” पोस्टमनलाही ते माहीत असतं, सगळ्या वस्तीलाच माहीत असतं. आजीच्या तोंडून निघालेलं हे उत्तर मात्र नोंदीत जातं ते निघून गेलेल्या माणसाचा शेरा म्हणून. तीच माहिती निघण्याआधी कागदावर, तारखांसह आणि पुढच्या सूचनेसह दिली असती, तर टपाल घ्यायला नेमलेलं माणूस म्हणून तीच आजी पोस्टाच्या नोंदीत आली असती.

कुणाच्या हाती देता येतं

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. पूर्वी रजिस्टर्ड पोस्ट आणि स्पीड पोस्ट या दोन वेगळ्या सेवा होत्या. २०२५ साली डाक विभागाने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. साधं स्पीड पोस्ट पत्त्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे त्या घरातलं माणूस सही करून ते घेऊ शकतं. पाठवणाऱ्याने जादा शुल्क भरून त्यावर नोंदणीची सोय घेतली असेल, तर मात्र ते पत्तेदाराच्या किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं असतं. तिसरी सोय ओटीपीची. पाकिटावरच्या मोबाइल नंबरवर आकडा येतो आणि तो सांगितल्यावरच पाकीट हाती मिळतं.

घरी म्हातारी माणसं असतील तर पहिला प्रकार अडचणीचा नाही, फक्त त्यांना ‘पोस्टमन आला तर घेऊन ठेवा, सही नाहीतर अंगठा द्या’ एवढं सांगून जायला हवं. दुसऱ्या प्रकारात अधिकारपत्राशिवाय आजीच्या हातात काही पडणार नाही, मग ती पत्तेदाराची सख्खी आई का असेना. ओटीपीच्या प्रकारात फडावरच्या माणसाने फोनवरून आकडा घरी सांगितला तर काम होतं. पोस्टमन खरोखर दारात उभा आहे, असं घरच्या माणसाच्याच तोंडून ऐकल्याशिवाय मात्र आकडा सांगू नये.

या सगळ्यात मोबाइल नंबर कळीचा आहे. स्पीड पोस्टच्या हालचालींचे एसएमएस पाकिटावर नोंदवलेल्या नंबरवर जातात. बँकेत खातं उघडताना किंवा ऑनलाइन फॉर्म भरताना बायकांच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाचा नंबर पडलेला असतो: पुतण्याचा, मुकादमाचा, कधी सेवा केंद्र चालवणाऱ्याचा. मग पाकीट निघाल्याचा निरोप त्यालाच मिळतो आणि जिच्या नावाचं ते आहे तिला पत्ताही लागत नाही. गाव सोडण्याआधी बँकेत जाऊन नंबर स्वतःचा आणि चालू असलेला करून घेणं, हे पोस्टात अर्ज देण्याइतकंच मोलाचं आहे.

अर्ज कसा लिहायचा

अर्जाला छापील नमुना हवाच असं नाही, साधा कागद चालतो. तो उपडाकघराच्या पोस्टमास्तरांच्या नावे लिहावा आणि गावच्या शाखा पोस्टमास्तरांमार्फत द्यावा. वाटप गावातून होतं, पण गावात येणारी पिशवी उपडाकघरातून भरली जाते, म्हणून दोन्हीकडे माहिती असलेली बरी. अर्जात नाव दोन्ही प्रकारे द्यावं: आधारवर आहे तसं, आणि टपालावर येऊ शकतं तसं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं पॅन कार्ड माहेरच्या नावाने आणि बँकेचं पाकीट सासरच्या नावाने येतं, आणि नव्या वाटणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात. त्याखाली गाव, वस्ती, पिनकोड, मोबाइल नंबर आणि कधीपासून कधीपर्यंत बाहेर राहणार त्या तारखा. मग नेमकी सूचना. ती अशी असू शकते:

“मी दि. २५ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत ऊसतोडीसाठी बाहेरगावी राहणार आहे. या काळात माझ्या नावे येणारं सर्व टपाल, स्पीड पोस्ट व नोंदणीकृत टपालासह, माझे सासरे (पूर्ण नाव) यांच्याकडे द्यावं. त्यांच्या सहीचा नमुना खाली दिला आहे. मी बाहेरगावी असल्याच्या कारणाने टपाल परत पाठवू नये.”

शेवटचं वाक्य गाळू नये, सगळा अर्ज त्या एका वाक्यासाठी आहे. खाली अर्ज देणाऱ्याची सही, ज्याला अधिकार दिला त्याची सही आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एक पोस्टाला द्यावी आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. सहा महिन्यांत गावातला वाटणारा बदलू शकतो, सुट्टीवर जाऊ शकतो, त्याच्या जागी बदली माणूस येऊ शकतो. तेव्हा तोंडी सांगणं हवेत विरतं, पण घरी ठेवलेली शिक्क्याची प्रत दाखवता येते. सूचना किती दिवस चालेल हेही तिथेच विचारून घ्यावं. मुदत आधीच संपत असेल तर घरच्या माणसाने मध्ये एकदा जाऊन ती वाढवून घ्यावी.

घरी कुणीच नसेल तर शेजारी, भावकीतलं माणूस किंवा गावात राहणारी नणंद यांच्या नावे अधिकार देता येतो. ‘टपाल पोस्टातच धरून ठेवा’ अशी विनंती आठ-पंधरा दिवसांच्या प्रवासाला योग्य आहे. पंढरीच्या वारीला निघालेल्या किंवा लग्नाला पुण्याला गेलेल्या माणसाने ती जरूर करावी. पाच महिन्यांच्या हंगामासाठी तिच्यावर विसंबून राहू नये. शाखा डाकघर बहुतेक ठिकाणी एका खोलीचं असतं आणि तिथे पाकिटं महिनोन्‌महिने पडून राहणं कुणाच्याच हिताचं नाही.

टपाल मागोमाग पाठवणं

तिसरा मार्ग पुनर्निर्देशनाचा, म्हणजे आलेलं टपाल नव्या पत्त्यावर पाठवायला सांगण्याचा. नोकरीच्या बदलीवर जाणाऱ्याला हा मार्ग सोयीचा. ऊसतोडीत त्याची अडचण अशी की टोळीला पत्ताच नसतो. कोप्या आज एका शिवारात, महिन्याने दुसऱ्या. ऊस संपला की तळ हलतो, कधी तालुकाही बदलतो. फडाच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट पोचेपर्यंत टोळी पुढे गेलेली असते आणि मग तिथूनच परतीचा शेरा पडतो.

म्हणून पत्ता हलणारा नको, बसका हवा. कारखान्याचं शेतकी गट कार्यालय असा पत्ता ठरू शकतं. तिथला चिटबॉय रोज टोळ्यांपर्यंत जातो आणि निरोप पोचवू शकतो. दुसरा पर्याय कारखान्याच्या परिसरातल्या डाकघराचा. वारणानगर, प्रवरानगर, माळीनगर, साखरवाडी अशी कारखान्यांभोवती वाढलेली गावं स्वतःचं डाकघर असलेली आहेत. पत्त्यात ‘पोस्ट रेस्तांत’ असं लिहून खाली त्या डाकघराचं नाव आणि पिनकोड दिला, तर टपाल दारोदार न फिरता तिथेच थांबतं आणि पत्तेदाराने ओळखपत्र दाखवून घ्यायचं असतं. तिथेही थांबण्याला मुदत असते. म्हणून पाकीट निघाल्याचं कळलं की ट्रॅकिंग पाहत राहावं आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी डाकघरात चौकशी करावी.

मुकादमाच्या नावे टपाल मागवणं सगळ्यांत सोपं वाटतं, कारण त्याचा फोन लागतो आणि त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो. साध्या पत्रापुरतं ते ठीक आहे. पण ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्याच हाती आपलं एटीएम कार्ड किंवा चेकबुक जाऊ देऊ नये. हिशेबात खटका उडाला तर ते परत मिळवणं पोस्टाच्या हातात राहत नाही.

पिनकोडबद्दल इथेच एक गोष्ट. बीडचा पिनकोड ४३११२२, परळी वैजनाथचा ४३१५१५, अंबाजोगाईचा ४३१५१७. पण आष्टीचा ४१४२०३ आणि पाटोद्याचा ४१४२०४. जिल्हा बीड असला तरी या दोन गावांच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे अहिल्यानगरच्या बाजूचे आहेत. फॉर्म भरणारा कुणी जिल्हा पाहून पिनकोड ‘सुधारतो’ आणि ४३१ने सुरू होणारा आकडा टाकतो. मग पाकीट भलत्याच वाटेला लागतं. त्यात आष्टी नावाची गावं वर्धा, जालना आणि गडचिरोली जिल्ह्यांतही आहेत. पत्त्यात तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहिणं तिथे अनिवार्यच समजावं.

एका पाकिटाचा प्रवास

समजा केज तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या सुनेने सप्टेंबर २०२५ मध्ये बँकेत खातं उघडलं. कुटुंब २५ ऑक्टोबरला कराडकडे निघालं. बँकेने तिचं एटीएम कार्ड ३ नोव्हेंबरला, सोमवारी, मुंबईहून स्पीड पोस्टने पाठवलं. पाकिटाला `E` ने सुरू होणारा आणि `IN` ने संपणारा तेरा अक्षरांचा क्रमांक आहे. ६ तारखेला ते उपडाकघरात आलं, ७ तारखेला, शुक्रवारी, वस्तीवर पोचलं.

घराला कुलूप असेल तर सूचना दारात पडेल, पाकीट १४ तारखेपर्यंत थांबेल आणि मग परत जाईल. सासू घरी असेल आणि तिने ‘त्या कारखान्याला गेल्या’ एवढंच सांगितलं, तर ते त्याहूनही आधी परतू शकेल. निघण्यापूर्वी सासऱ्यांच्या नावे अधिकारपत्र दिलं असेल, तर ७ तारखेलाच ते घरात येईल. पुनर्निर्देशनाचा अर्ज दिला असेल तर? कराडकडे पाठवायचं ठरवून वाटणारा पाकीट हातात घेतो आणि त्यावर छापलेलं असतं, पुढच्या पत्त्यावर पाठवू नये, न पोचल्यास खालील पत्त्यावर परत करावं. बँकांच्या बऱ्याच पाकिटांवर अशी सूचना असते. कार्ड चुकीच्या हाती पडू नये म्हणून पाठवणाराच ती घालतो आणि पोस्टाला ती मानावी लागते. पासपोर्टचंही असंच असतं. तो अर्जात दिलेल्या पत्त्यावर, ओळख पटवूनच दिला जातो, आणि तिथे माणूस नसेल तर पासपोर्ट कार्यालयाकडे परततो. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाच्या पाकिटांनाच पुनर्निर्देशन लागू पडत नाही. बँकेच्या पाकिटांसाठी अधिकारपत्र हाच खरा आधार. नाहीतर बँकेत आधीच सांगावं की कार्ड शाखेतच मागवा, मी हंगामानंतर येऊन घेईन.

कार्ड सासऱ्यांकडे आलं तरी सून कराडला आहे. तिथे तिला पैसे काढायचे असतील तर कार्डाची वाट पाहायची गरज नाही. खात्याला आधार जोडलेला असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत, बँक कुठलीही असो, बोटाचा ठसा देऊन कुठल्याही जवळच्या डाकघरात रोख काढता येते. एक अडचण खरी आहे: कोयता धरून आणि मोळ्या बांधून बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी दुसरी बोटं लावून पाहावीत, हात धुऊन कोरडे करून पाहावेत. पहिल्या नकारावर परत फिरू नये.

ट्रॅक्टरवाल्या पोराच्या लायसन्सचा मामला याहून हलका आहे. बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयातून मंजूर झालेलं लायसन्स स्पीड पोस्टने घरी येतं, परत गेलं तर परिवहन कार्यालयाकडे जमा होतं. पण डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स २०१८च्या नियमबदलापासून मूळ कागदाच्या बरोबरीचं आहे, वाटेत पोलिसांना ते दाखवता येतं. आधार आणि पॅनचीही ई-प्रत चालते. पॅन कार्ड परत गेलं तर शुल्क भरून पुन्हा मागवता येतं. म्हणून निघताना सगळ्याच पाकिटांची सारखी चिंता करण्यात अर्थ नाही. ज्याची प्रत फोनवर मिळते त्याने थोडा उशीर केला तरी निभतं. एटीएम कार्ड, चेकबुक आणि कायद्याचे कागद यांना अशी प्रत नसते, सगळा बंदोबस्त त्यांच्यासाठी करायचा.

कुरिअर आणि ऑनलाइन खरेदी

खासगी कुरिअरची रीत वेगळी. तिथे पत्त्यापेक्षा फोनला महत्त्व. डिलिव्हरीवाला तालुक्याच्या गावाहून फोन करतो, फोन लागला नाही तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करतो, आणि अशा साधारण तीन प्रयत्नांनंतर माल विक्रेत्याकडे परत निघतो. लांबच्या वस्तीवर तो प्रत्येक वेळी येईलच असं नाही. कधी न येताच प्रयत्न केल्याची नोंद होते. फडावर चार्जिंग नसल्याने फोन बंद असतो, एवढ्यावरही तीन प्रयत्न संपून जातात.

पार्सल निघाल्यावर पत्ता बदलणं बहुधा जमत नाही, कारण वाट पिनकोडवर ठरलेली असते. तारीख पुढे ढकलणं आणि फोन नंबर बदलणं मात्र बऱ्याचदा जमतं. ते पहिला प्रयत्न फसल्याचा एसएमएस आला त्याच दिवशी करावं. ट्रॅकिंगमध्ये `RTO` ही अक्षरं दिसू लागली की माल परतीच्या गाडीत गेलेला असतो, मग कुणाला फोन करून तो थांबत नाही. पैसे आधी भरले असतील तर परताव्याची मागणी करायची आणि हवी असेल तर वस्तू नव्याने मागवायची. हंगामात काही मागवायचंच असेल तर ऑर्डर देतानाच पत्ता कारखान्याजवळच्या ओळखीच्या दुकानाचा द्यावा आणि फोन त्या दुकानदाराचा. दुकानदाराला आधी विचारून.

परत गेलेली नोटीस

आता जिथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं ती गोष्ट. गावाकडे असा समज आहे की नोटीस घेतली नाही तर ती लागू होत नाही. घर बंद होतं, पाकीट परत गेलं, म्हणजे आपल्याला काही कळलंच नाही आणि आपल्यावर काही बंधन नाही. कायदा असं मानत नाही. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार बरोबर पत्त्यावर, पुरेसं तिकीट लावून नोंदणीकृत टपालाने पाठवलेला कागद नेहमीच्या वेळेत पोचला असं धरलं जातं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सी. सी. अलवी हाजी विरुद्ध पालापेट्टी मुहम्मद या खटल्यात चेक न वटण्याच्या प्रकरणांपुरतं ते आणखी स्पष्ट केलं. नोटीस नाकारली, घर बंद होतं, माणूस घरी नव्हता, अशा शेऱ्यांनी पाकीट परत आलं तरी नोटीस मिळाली असं गृहीत धरायचं. ते गृहीतक खोटं ठरवण्याची जबाबदारी पत्तेदारावर.

उचलीच्या व्यवहारात सही केलेले कोरे चेक देण्या-घेण्याची रीत चालत आली आहे, म्हणून हे बीडच्या वाचकाला दूरचं नाही. असा चेक कुणी बँकेत टाकला आणि तो वटला नाही, तर त्याला ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद दाखल होऊ शकते. चेक देणारा माणूस या सगळ्या काळात कराडच्या फडावर असतो. गावच्या दारावर नोटीस येते, `Door Locked` शेरा पडतो, सात दिवस जातात, पाकीट वकिलाकडे परततं. मार्चमध्ये घरी आल्यावर कळतं की केजच्या न्यायालयात आपल्या नावे खटला उभा आहे.

अधिकारपत्र देऊन गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी होते. सासरे पाकीट घेतात, कुणाकडून तरी वाचून घेतात, फोन करतात, आणि १५ दिवसांतले दहा-बारा दिवस हातात उरतात. तेवढ्यात पैसे भरता येतात. हिशेब फिटलेला असेल, चेक उगाच टाकलेला असेल, तर तसं लेखी उत्तर देता येतं. उत्तर देताना उचलीच्या पावत्या आणि मुकादमाकडच्या हिशेबाची वही लागते. तीही हंगामाला नेऊ नये, घरीच ठेवावी.

आणि तरीही नोटीस चुकली, थेट समन्सच आलं, तर? अलवी हाजी खटल्यातच न्यायालयाने एक वाट ठेवली आहे: ज्याला नोटीस खरोखर मिळाली नाही, त्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरली आणि खटला रद्द करण्याची विनंती केली, तर त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाऊ शकतं. समन्ससोबत फिर्यादीची प्रत येते, तिच्यात चेकची रक्कम आणि तारखा असतात. म्हणून समन्स हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावी, परत गेलेल्या नोटिशीचा ट्रॅकिंग क्रमांक फिर्यादीच्या कागदांत शोधावा, आणि अर्जाची शिक्क्याची प्रत असेल तर ती सोबत घेऊन बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फडावरून जायला जमत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन लागतो.